रक्ताच्या नात्यांचा माग

१९३०च्या दशकात ऑस्लोमध्ये कार्ल म्युलर नावाचे एक डॉक्टर होते. काही रुग्णांच्या बाबतीत त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. या माणसांच्या टाचेमागची शीर आणि बोटांच्या मागच्या शिरा जाड, गाठाळ झालेल्या असत, पापण्यांवर पिवळसर चट्टे असत आणि छातीत कळ येण्याचा त्रास तरुण वयातच सुरू होई. रक्त तपासले तर कोलेस्टेरॉल फार वाढलेले. म्युलर यांनी पुढचा प्रश्न विचारला तो घरच्यांविषयी. तेव्हा कळले की वडील, काका, भाऊ असेच अचानक गेलेले आहेत. त्यांनी अशी अनेक कुटुंबे गोळा केली आणि १९३८-३९च्या सुमारास मांडले की गाठी, कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार हे तिन्ही मिळून एकच आनुवंशिक विकार आहे.

या विकाराचे वैद्यकीय नाव लांबलचक आहे: फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘एफएच’ म्हणतात. जगभरात साधारण अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला तो असतो, म्हणजे तो दुर्मीळ मुळीच नाही. तरीही बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो, कारण तो दुखत नाही. पहिले दुखणे बहुधा हृदयविकाराच्या झटक्याचेच असते. उपचार झाले नाहीत तर या विकाराच्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीच्या आत आणि स्त्रियांपैकी सुमारे तीस टक्क्यांना साठीच्या आत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार गाठतो.

मग अशी माणसे शोधायची कशी? सगळ्या गावाचे रक्त तपासणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्युलर यांनी विचारलेल्या प्रश्नातच आहे. एक रुग्ण सापडला की त्याच्या रक्ताच्या नात्यांचा माग काढत जायचे. याला साखळी तपासणी म्हणतात. ती कशी चालते आणि कुठे तुटते, ते या लेखात पाहायचे आहे.

निम्मी दारे बंद

आपल्या रक्तात कोलेस्टेरॉल सुटे फिरत नाही, ते बारीक कणांत भरून फिरते. त्यांतल्या एलडीएल नावाच्या कणांना आपण ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो. यकृताच्या पेशींवर या कणांना आत घेणारी दारे असतात. कण दाराला चिकटतो, आत ओढला जातो आणि रक्तातून कमी होतो. ही दारे, म्हणजे एलडीएलचे ग्राहक रेणू, मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या दोघांनी डॅलसमध्ये १९७३-७४च्या सुमारास शोधून काढली. या कामाबद्दल त्यांना १९८५चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दार घडवण्याच्या जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एफएच असलेल्या माणसाची एक प्रत बिघडलेली असते. (थोड्या कुटुंबांत बिघाड याच कामाशी संबंधित दुसऱ्या एखाद्या जनुकात असतो, पण परिणाम तोच.) निम्मी दारे बंद असली की कण रक्तात जास्त काळ रेंगाळतात आणि एलडीएल साधारण दुप्पट होते. यात खाण्यापिण्याचा दोष नसतो. मूल जन्मते तेच हे ओझे घेऊन.

ओझ्याचा हिशेब वयाशी गुणून करायचा असतो. समजा एखाद्याचे एलडीएल जन्मापासून २५६च्या आसपास आहे. ४१ वर्षांत त्याच्या धमन्यांनी २५६ गुणिले ४१, म्हणजे सुमारे साडेदहा हजारांचा भार सोसला. ज्याचे एलडीएल ११० आहे त्याला एवढाच भार गाठायला ९५ वर्षे लागतील. हिशेब ढोबळ आहे, पण चाळिशीतल्या माणसाच्या धमन्या नव्वदीच्या का दिसतात ते त्यावरून कळते. दहाव्या वर्षी झालेले निदान आणि चाळिसाव्या वर्षी झालेले निदान यांत जमीन-अस्मानाचे अंतर का आहे, तेही त्यावरूनच कळते.

औषध आहे आणि ते स्वस्त आहे. स्टॅटिन गटातल्या गोळ्या यकृताला जास्त दारे घडवायला भाग पाडतात. चांगली प्रत शाबूत असते, तिच्याकडूनच हे जादा काम करून घेतले जाते.

बिघडलेली प्रत प्रत्येक अपत्याला जाण्याची शक्यता निम्मी असते. नाणे उडवावे तसे. म्हणून रुग्णाच्या सख्ख्या नात्यांत दोघांमागे एकाला विकार असण्याचा संभव असतो. काका, आत्या, मामा, मावशी, पुतणे, भाचे यांत चारांमागे एकाला, आणि चुलत, आते, मामे, मावस भावंडांत आठांमागे एकाला. पण साखळीची खरी ताकद पुढे आहे. काकाला विकार आहे असे सिद्ध झाले की त्याच्या मुलांची शक्यता आठांमागे एक राहत नाही, ती पुन्हा निम्मी होते. प्रत्येक नवा रुग्ण म्हणजे शोधाची नवी सुरुवात.

नेदरलँड्सची वीस वर्षे

ही कल्पना एका देशाने पुरी करून दाखवली. नेदरलँड्समध्ये १९९४मध्ये केवळ एफएचची कुटुंबे शोधण्यासाठी एक स्वतंत्र संस्था ॲमस्टरडॅममध्ये कामाला लागली. तिची रीत अशी: ज्याच्या जनुकातला बिघाड प्रयोगशाळेत नेमका ओळखला गेला आहे अशा रुग्णापासून सुरुवात करायची. त्याच्या संमतीने वंशवृक्ष काढायचा आणि नातेवाइकांशी संपर्क साधायचा. या कामासाठी तयार केलेली परिचारिका नातेवाइकांच्या घरी जाई, समजावून सांगे, कुटुंबाचा इतिहास लिहून घेई आणि तिथेच रक्त घेई. प्रयोगशाळेला सगळी जनुके चाळायची नसत. कुटुंबातला ठरावीक बिघाड या नमुन्यात आहे की नाही, एवढेच पाहायचे असे. ज्यांच्यात तो सापडे त्यांना उपचारासाठी आपल्या डॉक्टरकडे पाठवले जाई.

पहिल्या पाच वर्षांचा अहवाल २००१मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २३७ रुग्णांपासून सुरुवात करून ५,४४२ नातेवाइकांची तपासणी झाली होती आणि त्यांतल्या २,०३९ जणांना विकार निघाला. म्हणजे एका रुग्णामागे आठ-नऊ नवे रुग्ण. गावभर तपासणी केली असती तर अडीचशे-तीनशे जणांत जेमतेम एक हाती लागला असता. इथे तिघांमागे एकाहून अधिक लागले. या रुग्णांपैकी जे प्रौढ होते, त्यांतल्या फक्त ३९ टक्क्यांना तपासणीच्या वेळी कोलेस्टेरॉलवर काही उपचार चालू होते. वर्षभराने हे प्रमाण ९३ टक्के झाले.

त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या नातेवाइकांचे निदान नुसत्या कोलेस्टेरॉलवरून केले असते तर १८ टक्क्यांच्या बाबतीत ते चुकले असते. बिघडलेले जनुक असूनही काहींचे कोलेस्टेरॉल चारचौघांसारखे असते, आणि जनुक चांगले असूनही काहींचे खाण्यामुळे, वजनामुळे किंवा वयामुळे चढलेले असते. लहानपणी हे दोन गट बरेच वेगळे दिसतात, कारण मुलांचे कोलेस्टेरॉल एरवी कमी असते. वय वाढते तसे ते एकमेकांत मिसळतात.

सापडलेल्या मुलांचे पुढे काय झाले, याचेही उत्तर ॲमस्टरडॅमहूनच आले. लहानपणी स्टॅटिन सुरू केलेल्या मुलांवर वीस वर्षे लक्ष ठेवून २०१९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वयाच्या ३९व्या वर्षापर्यंत या मुलांपैकी एक टक्क्याला हृदयविकाराने गाठले होते. त्यांच्या विकारग्रस्त आईवडिलांच्या बाबतीत त्याच वयापर्यंत हे प्रमाण २६ टक्के होते. घराणे तेच, जनुकातला बिघाड तोच. फरक होता तो निदानाच्या वयाचा.

एक कुटुंब, तेरा तपासण्या

आपल्याकडे नेदरलँड्ससारखी राष्ट्रीय यंत्रणा नाही. साखळी चालवायची ती एखाद्या जागरूक डॉक्टरने आणि कुटुंबाने. ती कशी चालेल हे पाहण्यासाठी एक कुटुंब कल्पू या. माणसे आणि आकडे मी रचलेले आहेत, पण असे आकडे अशा घरांत सापडतात.

सांगली जिल्ह्यातले एक शिक्षक, वय ४१. व्यसन नाही, अंगाने सडपातळ. एका पहाटे झटका आला, अँजिओप्लास्टी झाली. तिसऱ्या दिवशीच्या रक्ततपासणीत एलडीएल १६८ आले. इथेच पहिली चूक होऊ शकते. झटक्यानंतर काही दिवसांत एलडीएल आपोआप उतरते आणि रुग्णालयात स्टॅटिनही सुरू झालेले असते. म्हणून हा आकडा विश्वासाचा नाही. डॉक्टरांनी जुने कागद मागवले. चार वर्षांपूर्वी शाळेतल्या आरोग्य शिबिरात एलडीएल २५६ होते. ‘तेलकट कमी करा’ एवढाच शेरा होता. थायरॉइड कमी असला किंवा मूत्रपिंडातून प्रथिने जात असली तरीही कोलेस्टेरॉल चढते, म्हणून त्या तपासण्या केल्या. त्या ठीक निघाल्या. टाचेमागची शीर चिमटीत धरून पाहिली, ती जाड आणि खडबडीत होती. वडील ४७व्या वर्षी शेतात काम करताना गेले होते. घरात त्याला ‘हार्टफेल’ म्हणत आणि दोष त्यांच्या तंबाखूला देत. जनुकतपासणीत एलडीएलच्या दारांच्या जनुकात बिघाड सापडला. साखळीची पहिली कडी पक्की झाली.

पहिली फेरी सख्ख्या नात्यांची: आई, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी. पत्नीचे रक्ताचे नाते नाही, म्हणून तिची गरज नाही. आईत बिघाड नाही. वडील हयात नाहीत, पण आई निर्दोष आहे म्हटल्यावर तो त्यांच्याकडून आला हे उघड झाले. या एका तपासणीने मामा-मावशांची सगळी बाजू वगळता आली आणि काका-आत्यांची बाजू पुढे आली. ३८ वर्षांच्या भावाला विकार निघाला. ४५ वर्षांच्या बहिणीत बिघाड नाही, म्हणून तिच्या दोन्ही मुलांना सुई टोचायचे कारण उरले नाही. बारा वर्षांच्या मुलाचे एलडीएल १९६ आणि बिघाड आहे; आठ वर्षांची मुलगी मोकळी.

दुसरी फेरी: भावाची मुलगी, काका, आणि आत्या वारलेली असल्यामुळे आत्याची दोन मुले. मधली कडी हयात नसेल तर तिथे थांबायचे नसते, तिला ओलांडून पुढे जायचे असते. भावाची मुलगी सुटली. काकांचे बायपास ५६व्या वर्षी झालेले, आता एलडीएल १३२. वरवर पाहता ठीक, पण तो गोळ्यांचा प्रताप. जनुकात बिघाड आहेच. आतेबहिणीचे एलडीएल १४८ आणि आतेभावाचे १६२. कोलेस्टेरॉलवर विसंबले असते तर दोघांनाही ‘थोडे जास्त आहे, फिरायला जा’ असे सांगून घरी पाठवले असते. जनुकतपासणीने दोघांना वेगळे केले: बहिणीत बिघाड नाही, भावात आहे.

तिसऱ्या फेरीत काकांची तिन्ही मुले आली. दोन मुलगे सुटले, मुलीत बिघाड निघाला. आणि इथे साखळीच्या दोन वाटा एकत्र आल्या, कारण काकांची ही मुलगी आतेभावाची बायको आहे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडच्या अनेक समाजांत जुनी आहे. आईवडील दोघांतही एकच बिघाड असेल तर प्रत्येक अपत्याला चारांत एक या हिशेबाने दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याचा धोका असतो. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर पिवळ्या गाठी होत्या. दोन वर्षे त्यावर मलम चालू होते. त्याचे एलडीएल ५६० निघाले.

लेबनॉनमधल्या नात्यात लग्ने होणाऱ्या कुटुंबांत अवेदिस खचादुरियन यांनी १९६४मध्ये हेच दाखवले होते. एका घरात तीन प्रकारची माणसे असतात: कोलेस्टेरॉल साधारण असलेली, दुपटीच्या आसपासची आणि चौपटीच्या आसपासची. या तिसऱ्या प्रकारात झटका शाळकरी वयातही येऊ शकतो आणि महाधमनीची झडपही आकसते. दारे घडवणारी चांगली प्रतच नसल्यामुळे नुसते स्टॅटिन फारसे उपयोगी पडत नाही. अशा मुलाला मोठ्या केंद्रात नेऊन अनेक औषधे एकत्र द्यावी लागतात, आणि यंत्रातून रक्त फिरवून एलडीएल गाळून काढण्याचा उपचारही करावा लागतो.

तेरा जणांच्या तपासण्या झाल्या, सहा जणांत बिघाड सापडला. त्यांतल्या एकट्या काकांवर आधीपासून उपचार चालू होते.

साखळी कुठे तुटते

या गोष्टीत मी एक अडचण मुद्दाम मागे ठेवली होती. शिक्षकांचे वडील गेल्यावर विहिरीच्या हिश्श्यावरून काकांशी वाद झाला होता. दोन्ही घरांत पंधरा वर्षे बोलणे नव्हते. ज्या मुलाला उपचारांची सर्वांत जास्त निकड होती तो नेमका या भाऊबंदकीच्या पलीकडे होता. सर्वांत मोठा धोका सर्वांत जवळच्या घरातच असतो असे नाही.

रुग्णाने आपल्या नातेवाइकांना स्वतःच कळवावे, एवढ्यावर सोडले की साखळी लवकर थांबते, हा अनेक देशांचा अनुभव आहे. माणूस भावाला सांगतो, मुलांना तपासतो आणि काकांपर्यंत जात नाही. कधी भांडण असते, कधी फक्त अंतर असते. मुलीचे लग्न ठरायचे असेल तर घरचेच म्हणतात, हे बाहेर कळायला नको. शिवाय तंबाखूने गेलेल्या वडिलांची कथा घरात इतकी पक्की झालेली असते की जनुकाची कथा ऐकायला कुणी तयार नसते.

दुसऱ्या बाजूला, डॉक्टरने परस्पर काकांना फोन करावा हेही बरोबर नाही. रुग्णाचे निदान ही रुग्णाची गोष्ट आहे. मधला मार्ग पत्राचा आहे. डॉक्टर रुग्णाच्या संमतीने एक कागद तयार करून देतात. त्यात विकाराचे नाव असते, सापडलेला बिघाड प्रयोगशाळेच्या अहवालात आहे तसाच अक्षरशः उतरवलेला असतो, कोणती तपासणी करायची आणि कुणाला भेटायचे हे असते, आणि हा कुणाच्या वागण्याचा दोष नाही हे एका वाक्यात लिहिलेले असते. बिघाड नेमका उतरवणे महत्त्वाचे, कारण त्यावरच पुढच्या नातेवाइकाची तपासणी स्वस्त आणि निःसंदिग्ध होते. आपल्या गोष्टीतला कागद शिक्षकांनी नेला नाही. दोन्ही घरांत जाणे-येणे राखून असलेल्या आतेबहिणीने तो काकांकडे पोचवला. वंशवृक्ष काढताना कोण कुणाचा कोण, एवढे विचारून भागत नाही. कोण कुणाशी बोलतो हेही विचारावे लागते.

आणखी दोन ठिकाणी साखळी अडते. विकाराची सगळी लक्षणे असलेल्या काही रुग्णांत जनुकातला बिघाड सापडतच नाही, किंवा सापडलेला बदल निरुपद्रवी की घातक हे ठरत नाही. अशा घरात नातेवाइकांची जनुकतपासणी करून काही निष्पन्न होत नाही. तिथे वय आणि लिंगानुसार ठरवलेल्या एलडीएलच्या मर्यादांवर काम चालवावे लागते. मुलांची तपासणी पाच ते दहा वर्षांच्या दरम्यान केली तर ती बरीच विश्वासाची असते, मोठ्यांच्या बाबतीत शंका उरते. तसेच, घरातला बिघाड माहीत नसताना कुणी जनुकतपासणी केली आणि काही सापडले नाही, तर ‘मला धोका नाही’ असा अर्थ काढता येत नाही. काय शोधायचे ते माहीत असेल तेव्हाच ‘नाही’ या उत्तराला अर्थ असतो.

तिसरी तुटण्याची जागा नेदरलँड्सनेच दाखवली. वीस वर्षांत त्या यंत्रणेने साठ हजारांहून अधिक लोकांची तपासणी केली आणि पंचवीस हजारांच्या आसपास रुग्ण शोधले. २०१३च्या अखेरीस सरकारी निधी थांबला. जनुकतपासणी बंद झाली नाही, डॉक्टर होते, प्रयोगशाळा होत्या, औषधेही होती. बंद झाले ते घरोघर जाणे आणि वंशवृक्ष सांभाळणारी मध्यवर्ती व्यवस्था. त्यानंतर नव्याने सापडणाऱ्या रुग्णांची संख्या झपाट्याने खाली आली. म्हणजे साखळी पुढे नेत होती ती पत्र लिहिणारी, फोन करणारी, दार वाजवणारी माणसे.

आपल्याकडे ते काम करणारे कुणी नेमलेले नाही. म्हणून पन्नाशीच्या आत झटका आलेल्या माणसाला घरी सोडताना त्याच्या कागदांत एलडीएलचा झटक्यापूर्वीचा आकडा आणि रक्ताच्या नातेवाइकांची यादी, या दोन गोष्टी असायला हव्यात. आकडा १९०च्या वर असेल तर यादीतले पहिले नाव त्याच्या मुलांचे असते. शेवटचे नाव कुणाचे असेल ते आधी सांगता येत नाही. आपल्या गोष्टीत ते कोपरांना मलम लावत असलेल्या एका पाच वर्षांच्या मुलाचे होते, आणि शिक्षकांनी त्याला कधी पाहिलेही नव्हते.